क्रिएटिन स्नायू वाढवते, की जास्तीचे काम करून घेते?

सप्रेम नमस्कार. त्रिमूर्ती नगरात माझी छोटी जिम आहे. माझ्याकडे येणारा एक शाकाहारी मुलगा (वय २४, तीन वर्षांचा नियमित सराव) जूनच्या मध्यापासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन घेतो आहे. बेंच प्रेसची त्याची नोंद अशी : क्रिएटिन सुरू करण्याआधी ७० किलोवर चार सेट, रेप्स १०, ८, ६, ५. सहा आठवड्यांनी तेच वजन, तीच दोन मिनिटांची विश्रांती, रेप्स १०, ९, ८, ७. शरीराचे वजन १.३ किलोने वाढले आणि दंडाचा घेर अर्ध्या सेंटिमीटरने. माझा एक सहकारी म्हणतो की क्रिएटिन स्नायूवाढीची सूचना देणारे एमटॉर आणि आयजीएफ-१ हे पेशीतले घटक थेट चालू करते, त्यामुळे व्यायाम बेताचा असला तरी स्नायू वाढतात. माझे म्हणणे असे की त्याने काम जास्त केले म्हणून वाढ झाली. संशोधन कोणाच्या बाजूने आहे? आणि त्यानुसार या मुलाच्या कार्यक्रमात मी काही बदल करावा का?
— एक जिम प्रशिक्षक, नागपूर

सप्रेम नमस्कार.

आपण दिलेल्या नोंदीत मला सर्वांत बोलका वाटला तो पहिला सेट, कारण तो बदललेलाच नाही. आधीही दहा रेप्स होत्या, सहा आठवड्यांनीही दहाच आहेत. बदल झाला आहे तो पुढच्या तीन सेटमध्ये, आणि तोही पुढे पुढे वाढत गेलेला : दुसऱ्या सेटमध्ये एक रेप जास्त, तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये दोन-दोन. म्हणजे ताज्या स्नायूची ताकद जिथल्या तिथे आहे. पहिल्या सेटनंतर जी घसरण होत होती, ती मात्र कमी झाली आहे. एकूण रेप्स २९ वरून ३४ वर गेल्या, आणि वजन गुणिले रेप्स असा हिशेब केला तर एका सत्रातला भार २,०३० किलोवरून २,३८० किलोवर गेला. ही वाढ सुमारे १७ टक्के भरते.

क्रिएटिनचे मूळ कार्य लक्षात घेतले तर नोंद अशीच दिसायला हवी. जोराच्या आकुंचनात एटीपी हे पेशीचे इंधन खर्च होऊन एडीपी उरतो, आणि स्नायूत साठलेले फॉस्फोक्रिएटिन आपला फॉस्फेट देऊन त्याचे पुन्हा एटीपी करते. हा साठा एका जड सेटमध्ये बराच उतरतो आणि विश्रांतीत पुन्हा भरतो. १९९२ मध्ये हॅरिस, सॉडरलुंड आणि हल्टमन यांनी तोंडावाटे क्रिएटिन दिल्यास स्नायूतला एकूण साठा वाढतो हे दाखवले, आणि १९९६ मध्ये हल्टमन यांच्याच गटाने असे मोजले की रोज ३ ग्रॅम २८ दिवस घेतले तरी साधारण तेवढीच, म्हणजे सुमारे २० टक्के वाढ मिळते, जेवढी रोज २० ग्रॅम सहा दिवस घेतल्याने मिळते. म्हणजे ५ ग्रॅमने सहा आठवड्यांत आपल्या मुलाचे स्नायू जवळपास भरले असणार. ग्रीनहाफ यांच्या १९९४ च्या प्रयोगात, ज्यांच्या स्नायूंनी क्रिएटिन चांगले शोषून घेतले त्यांच्यात थकव्यानंतरच्या दुसऱ्या मिनिटात फॉस्फोक्रिएटिन अधिक वेगाने भरताना दिसले. आपण नेमकी दोन मिनिटांची विश्रांती देता. त्यामुळे फरक पहिल्या सेटमध्ये न दिसता तिसऱ्या-चौथ्यात दिसावा, हे या यंत्रणेला धरूनच आहे.

तरीही या एका नोंदीवर निकाल देण्याआधी आपल्या नागपूरची एक अडचण सांगितली पाहिजे. आपली ‘आधीची’ नोंद जूनच्या मध्यापूर्वीची, म्हणजे बहुधा मेच्या अखेरीची किंवा मृगाच्या तोंडावरची आहे; ‘नंतरची’ नोंद जुलैच्या अखेरीची. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना कूलरच्या भरवशावर चालणाऱ्या जिममध्ये घसरण ही होणारच, आणि उष्णतेचा थकवाही पहिल्या सेटपेक्षा पुढच्या सेटमध्ये जास्त जाणवतो. म्हणजे क्रिएटिनची जी खूण मी वर सांगितली, तीच खूण पावसाने हवा उतरल्यानेही उमटू शकते. यावर उपाय सोपा आहे. त्याच दोन तारखांच्या सुमाराच्या, पण क्रिएटिन न घेणाऱ्या दोन-तीन जणांच्या वह्या काढा आणि त्यांची पहिल्या ते चौथ्या सेटमधली घसरण बघा. त्यांचीही घसरण पाचवरून तीनवर आली असेल, तर श्रेय पावसाचे. त्यांची तशीच राहिली असेल, तर क्रिएटिनचा दावा बळकट होतो. पुढचे सर्व विवेचन मी दुसरी शक्यता गृहीत धरून करतो आहे.

वजन आणि दंडाचा घेर यांचा प्रश्न मला लवकर संपवता येईल असे वाटते. क्रिएटिन पेशीत शिरताना पाणी सोबत नेते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील देसाई आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यासाठी एक चांगली युक्ती वापरली होती : प्रशिक्षण सुरू करण्याआधीच एक आठवडा रोज ५ ग्रॅम क्रिएटिन दिले आणि तेव्हाच शरीरातली चरबी व बाकीचे वस्तुमान वेगळे मोजणारा डेक्सा स्कॅन केला. व्यायामाविना, एका आठवड्यात, क्रिएटिन घेणाऱ्यांचे ‘लीन’, म्हणजे चरबी सोडून उरणारे, वस्तुमान सुमारे अर्धा किलोने जास्त भरले. त्यानंतरच्या १२ आठवड्यांच्या प्रशिक्षणात दोन्ही गटांनी साधारण दोन-दोन किलो कमावले आणि त्या काळातल्या वाढीत फरक उरला नाही. एका आठवड्यात व्यायामाशिवाय अर्धा किलो संकोचक्षम प्रथिन तयार होत नाही. डेक्साला पाणी आणि प्रथिन यांतला फरक कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या टेपलाही तो कळत नाही. तेव्हा १.३ किलो आणि अर्धा सेंटिमीटर हे दोन्ही आकडे आपल्या वादातून बाजूला ठेवावेत, ते आपल्या किंवा आपल्या सहकाऱ्याच्या, कोणाच्याच बाजूचे साक्षीदार नाहीत.

आता सहकाऱ्याचे म्हणणे. ते हवेतून आलेले नाही, आणि त्याला त्याचे पूर्ण माप मिळाले पाहिजे. उंदराच्या स्नायूपेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या सी२सी१२ पेशींवर, क्रिएटिन घातले असता आयजीएफ-१ आणि स्नायूपेशींच्या घडणीचे नियमन करणारे काही घटक यांचा संदेशवाहक आरएनए वाढतो, असे लुई, फ्रँको आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले. डेल्डिक यांच्या गटाला २००५ मध्ये माणसाच्या स्नायूतही, पाच दिवस क्रिएटिन घेतल्यावर, विश्रांतीच्या अवस्थेत आयजीएफचा आरएनए वाढलेला आढळला. पाण्याने पेशी फुगली की तो ताण पेशीला उभारणीची सूचना देतो, असाही एक विचार आहे, आणि सफदार व टार्नोपोल्स्की यांच्या २००८ च्या कामात क्रिएटिननंतर पेशीच्या परासरण-ताणाशी निगडित जनुके वर गेलेली दिसली. हे सगळे खरे आहे.

परंतु आरएनए वाढणे म्हणजे स्नायू वाढणे नव्हे. सूचना निघाली, यावरून काम झाले असे धरता येत नाही. काम झाले की नाही हे मोजण्याची वेगळी पद्धत आहे. चिन्हांकित अमिनो आम्ल रक्तात सोडून ते स्नायूच्या प्रथिनात किती वेगाने शिरते ते बघायचे, म्हणजे प्रथिननिर्मितीचा प्रत्यक्ष वेग मिळतो. आणि गंमत अशी की वर सांगितलेल्या पेशींच्या प्रयोगाशी ज्यांची नावे जोडलेली आहेत, त्याच लुई आणि फ्रँको यांनी रेनी यांच्यासोबत २००३ मध्ये हेच मोजमाप माणसांवर केले होते. क्रिएटिनचा साठा भरलेल्या निरोगी पुरुषांत उपाशीपोटी आणि आहार दिल्यावर, अशा दोन्ही अवस्थांत स्नायूप्रथिनांच्या घडणीत किंवा मोडीत फरक पडला नाही. दुसऱ्या अभ्यासात त्यांनी वजनाच्या व्यायामानंतर पाहिले, तिथेही तंतूंच्या प्रथिनांच्या निर्मितीचा वेग क्रिएटिनने वाढला नाही. पॅरिस यांच्या २००१ च्या अभ्यासातही स्नायूतील प्रथिननिर्मितीचा वेग तसाच राहिला, पुरुषांमध्ये ल्युसिन या अमिनो आम्लाचे ज्वलन मात्र थोडे कमी झाले. म्हणजे सहकाऱ्याला कुठे आधार शोधायचाच असेल, तर तो मोड कमी होण्याच्या बाजूला शोधावा लागेल, एमटॉरच्या बाजूला नाही.

सहकाऱ्याच्या दाव्यातून एक भाकीतही निघते, आणि ते तपासले गेले आहे. क्रिएटिन व्यायामाशिवाय उभारणीची सूचना देत असेल, तर प्लास्टरमध्ये अडकलेला पाय तरी त्याने थोडाफार सावरला पाहिजे. हेस्पेल यांच्या २००१ च्या प्रयोगात स्वयंसेवकांचा एक पाय दोन आठवडे प्लास्टरमध्ये ठेवला, आणि नंतर दहा आठवडे पुनर्वसनाचा व्यायाम दिला. प्लास्टरच्या काळात मांडीचा स्नायू दोन्ही गटांत सारखाच आटला. व्यायाम सुरू झाल्यावर मात्र क्रिएटिन गटाचा स्नायू अधिक वेगाने भरून आला. जिथे काम नव्हते तिथे परिणाम नाही, जिथे काम होते तिथे परिणाम आहे, हे चित्र आपल्या मताशी जुळते. प्रामाणिकपणे हेही सांगतो की त्याच प्रयोगात पुनर्वसनाच्या काळात एमआरएफ-४ हा स्नायूघडणीचा घटक क्रिएटिन गटात वाढलेला दिसला होता.

सहकाऱ्याचा सर्वांत वजनदार पुरावा माझ्या मते ऑल्सन यांचा २००६ चा आहे. १६ आठवड्यांच्या प्रशिक्षणात क्रिएटिन गटात स्नायूला नवी केंद्रके पुरवणाऱ्या सॅटेलाइट पेशी आणि तंतूंमधील केंद्रके यांची संख्या जास्त वाढली. नवी केंद्रके हे पाणी नव्हे, त्यामुळे हा निष्कर्ष हलक्यात घेण्यासारखा नाही. पण तोही व्यायामासोबतच मिळालेला आहे. बर्क यांच्या २००८ च्या अभ्यासात स्नायूतला आयजीएफ-१ क्रिएटिन गटात जास्त वाढला, तोही आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर. जास्त काम केलेल्या स्नायूत आयजीएफ-१ आणि सॅटेलाइट पेशी दोन्ही जास्त वाढाव्यात हे अपेक्षितच आहे. मग या खुणा कारण म्हणून वाचायच्या की परिणाम म्हणून, हे अशा रचनेच्या प्रयोगातून ठरत नाही.

इथून पुढे आपल्या बाजूची उलटतपासणी करू, कारण तिथेही पाय घसरण्याची जागा आहे.

आपल्या बाजूने नेहमी दोन प्रयोग पुढे केले जातात. व्होलेक यांच्या १९९९ च्या १२ आठवड्यांच्या अभ्यासात क्रिएटिन गटाच्या स्नायूतंतूंची जाडी स्पष्टपणे जास्त वाढली (पहिल्या प्रकारच्या तंतूंमध्ये ३५ टक्के, तर दुसऱ्या गटात ११ टक्के), आणि त्याच गटाने पाचव्या ते आठव्या आठवड्यात बेंच प्रेसवर जास्त भार उचलला होता. भार जास्त आणि वाढ जास्त, अशी ही जोडी आहे. दुसरा प्रयोग सिरोट्युक यांचा, २००० सालचा : दोन्ही गटांचे प्रशिक्षण मुद्दाम सारखे ठेवले, आणि मग ताकदीत क्रिएटिनचा वेगळा फायदा दिसला नाही. या दोन्हींतून सरळ निष्कर्ष काढायचा मोह होतो की भार सारखा केला की क्रिएटिनचा परिणाम नाहीसा होतो, म्हणून भार हेच कारण.

हा निष्कर्ष मला बहुतांशी पटतो, पण त्यातील एक फट आपल्यासारख्या प्रशिक्षकाने पाहून ठेवली पाहिजे. भार सारखा केला म्हणजे ताण सारखा झाला असे नाही. आपलाच मुलगा घ्या. त्याला क्रिएटिननंतरही १०, ८, ६, ५ वरच थांबवले, तर भार पूर्वीइतकाच, २,०३० किलो राहील. पण चौथा सेट पूर्वी पाचव्या रेपला जवळजवळ संपत होता, तो आता सातपर्यंत जाऊ शकणारा मुलगा पाचवर सोडून देईल. सहावी आणि सातवी या ज्या शेवटच्या जड रेप्स आहेत, ज्यांच्यात वेग मंदावतो आणि उरलेले मोठे तंतूही कामाला लागतात, त्या झाल्याच नाहीत. अशा प्रयोगात क्रिएटिन गटाला नकळत हलका व्यायाम दिला जातो. तरीही दोन्ही गट बरोबरीत आले, तर त्याचा एक अर्थ असाही लावता येईल की क्रिएटिनने थेट काहीतरी देऊन ही तूट भरून काढली! हे माझे मत नाही, पण तर्कशुद्ध सहकारी इथे बोट ठेवू शकतो आणि त्याला उत्तर देता आले पाहिजे. उलट दिशेने, म्हणजे क्रिएटिन न घेणाऱ्यांना एक जादा सेट देऊन भार सारखा केला, तर त्यांना थकलेल्या अवस्थेत एक जादा कठीण सेट मिळतो. तीही निखळ तुलना नव्हे. आणि प्रयोग संपल्यावर आकडेवारीत भार ‘वजा करून’ पाहणे सर्वांत कच्चे, कारण जास्त रेप्स काढणारे लोक झोप, आहार, जिद्द या बाबतींतही वेगळे असतात आणि ते सगळे त्या वजाबाकीत मिसळून जाते.

दुसरी अडचण ‘भार’ या मापाचीच आहे. स्नायूंच्या वाढीसाठी वजन गुणिले रेप्स यापेक्षा थकव्याच्या सीमेजवळ नेलेल्या कठीण सेटची आठवड्याची संख्या हे माप जास्त उपयोगी ठरते, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. त्या मापाने आपल्या मुलाचे पूर्वी चार सेट होते आणि आताही चारच आहेत. तीव्रता तीच, सेट तेवढेच, फक्त पुढचे तीन सेट किंचित लांबले. मग १७ टक्के जास्त भारातून १७ टक्के जास्त वाढ कशी अपेक्षावी?

ढोबळ हिशेब करून बघू. शोनफेल्ड, ऑगबॉर्न आणि क्रीगर यांच्या २०१७ च्या एकत्रित विश्लेषणात आठवड्याला प्रत्येक जादा सेटमागे वाढीत सुमारे ०.३७ टक्के भर पडलेली दिसली. समजा हा मुलगा छाती आणि ट्रायसेप्ससाठी आठवड्याला १२ कठीण सेट करतो. सर्वांत उदार होऊन १७ टक्के जादा भाराला १७ टक्के जादा सेट मानले, तर ते दोन सेट होतात आणि त्यांतून पाऊण टक्का जादा वाढ मिळते. चार सेंटिमीटर जाडीच्या स्नायूत ती ०.०३ सेंटिमीटर. आता प्रत्यक्षात काय मोजले गेले ते पाहा : बर्क, शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अल्ट्रासाउंड, एमआरआय अशा थेट प्रतिमांवर आधारलेले दहा प्रयोग एकत्र केले, तेव्हा क्रिएटिनमुळे स्नायूच्या जाडीत मिळालेला जादा फायदा सुमारे ०.१० ते ०.१६ सेंटिमीटर निघाला. परिणाम आहे, पण लहान आहे.

०.०३ आणि ०.१० यांत अंतर उरते, आणि ते लपवून आपल्या मताचे भले होणार नाही. मी ते अंतर असे वाचतो. प्रतिमेतही पेशीतले पाणी जाडी म्हणूनच मोजले जाते; चार सेंटिमीटरमध्ये दीड-दोन टक्के फुगवटा आला तरी अर्ध्याहून जास्त अंतर भरते, आणि क्रिएटिनने येणारे पाणी त्या आवाक्यात बसते. शिवाय जादा रेप्समुळे वजन लवकर चढवता येते आणि तो फायदा महिनोनमहिने साठत जातो, जो माझ्या एका सत्राच्या हिशेबात आलेलाच नाही. या दोन्हींनंतर जे काही उरेल, तेवढीच जागा थेट संकेताला आहे. ती शून्य आहे असे मी म्हणणार नाही. पण ‘व्यायाम बेताचा असला तरी स्नायू वाढतात’ हे वाक्य त्या जागेत मावत नाही, आणि ते जिममध्ये येणाऱ्यांना सांगू नये, अशी माझी आपल्या सहकाऱ्याला कळकळीची विनंती आहे, कारण त्या वाक्यावर विसंबून मुले पैसे खर्च करतात आणि सेट अर्धवट सोडतात.

कार्यक्रमातील बदलाकडे येतो. क्रिएटिनचा फायदा कामाच्या वाटेनेच येत असेल, तर ती वाट मोकळी ठेवली पाहिजे. ‘चार सेट, आठ-आठ रेप्स’ असा बंदिस्त कार्यक्रम असेल, तर क्रिएटिनने तेच काम सोपे होईल आणि फायदा वहीत दिसणारही नाही, स्नायूतही नाही. म्हणून या मुलाचे सेट खुले ठेवा : प्रत्येक सेट अशा रेपपर्यंत, जिथे अजून एकच निघाली असती. वहीत रेप्सच्या शेजारी ‘किती उरल्या’ हा रकाना वाढवा, कारण त्याशिवाय १०, ९, ८, ७ मधली वाढ साठ्याची आहे की जास्त जिद्दीची, हे आपल्याला पुढे कळणार नाही. चार सेटची बेरीज ३६ झाली की ७२.५ किलोवर न्या. विश्रांती दोन मिनिटेच ठेवा. पाच मिनिटे बसवले तर फॉस्फोक्रिएटिन क्रिएटिनशिवायही बऱ्यापैकी भरते आणि मिळालेली आघाडी विरघळते. सेटची संख्या मात्र लगेच वाढवू नका. दोन महिने सेट तेवढेच ठेवून पहिला सेट वर सरकतो का ते बघा. तो सरकला, तर घसरण कमी होण्याच्या पुढे जाऊन ताज्या स्नायूची क्षमता वाढू लागली, असे म्हणता येईल.

आणि खात्री करून घ्यायची असेल, तर कधीतरी त्याला क्रिएटिन थांबवायला सांगा. स्नायूतला साठा पूर्वपदावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात पाणी उतरून वजन साधारण किलोभर कमी झाले, शेवटचे सेट थोडे घसरले, पण पहिला सेट टिकून राहिला, तर कमावलेला स्नायू खरा आहे. पहिला सेटही खाली आला, तर वाढ म्हणून आपण जे मोजत होतो त्यात उसन्याचा वाटा मोठा होता. ही चाचणी हिवाळ्यात, नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान घ्या. मार्चनंतर सुरू केली तर उन्हाळा पुन्हा हिशेबात घुसेल.

शेवटी, हा मुलगा शाकाहारी आहे हे आपण लिहिलेत ते बरे केले. शाकाहारी माणसांच्या स्नायूत क्रिएटिन मुळात कमी असते, आणि बर्क यांच्या २००३ च्या अभ्यासात शाकाहारी सहभागींचा साठाही जास्त वाढला आणि त्यांनी केलेले एकूण कामही. त्यामुळे त्याच्या वहीतला फरक इतरांच्या वहीत तितका ठळक दिसेलच असे नाही. सावजी मटण आठवड्यातून दोन-तीनदा खाणाऱ्या मुलाचाही साठा पूर्ण भरलेला नसतो, कारण एक किलो कच्च्या मांसात क्रिएटिन चार-पाच ग्रॅमच असते आणि शिजवताना त्यातले काही जाते. पण त्याची सुरुवात वरच्या पातळीवरून होते. अशा मुलाच्या चौथ्या सेटमध्ये दोन महिन्यांनीही फरक पडला नाही, तर त्याचा डोस दहा ग्रॅमवर नेऊ नका. भरलेल्या स्नायूत जास्तीचे क्रिएटिन शिरत नाही, ते लघवीवाटे निघून जाते. त्याच्यासाठी आठवड्याला एक-दोन कठीण सेट वाढवून पाहणे अधिक फळेल, आणि त्यासाठी डबा विकत घ्यावा लागत नाही.